घराच्या स्लॅबला कोणते सिमेंट आणि किती दिवस पाणी

सिमेंटच्या दुकानात घरबांधणीसाठी मुख्यतः तीन प्रकारची पोती मिळतात. पहिले साधे पोर्टलँड सिमेंट. बाजारात त्याला ओपीसी म्हणतात आणि ते ४३ किंवा ५३ ग्रेडमध्ये येते. दुसरे राखमिश्रित सिमेंट, म्हणजे पीपीसी. तिसरे स्लॅग सिमेंट, म्हणजे पीएससी. तिन्हींचे मूळ द्रव्य एकच आहे. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की काळपट, टणक गोळे तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमध्ये थोडे जिप्सम घालून दळले की ओपीसी झाले. त्यातल्या क्लिंकरचा काही भाग काढून त्या जागी औष्णिक वीजकेंद्राची उडती राख १५ ते ३५ टक्के घातली की पीपीसी होते. लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारी वितळलेली मळी पाण्याच्या झोताने एकदम थंड केली, तर तिचे काचेसारखे दाणे बनतात. हे दाणे २५ ते ७० टक्के प्रमाणात घालून स्लॅग सिमेंट तयार होते. विदर्भात चंद्रपूर आणि कोराडीसारखी मोठी वीजकेंद्रे असल्यामुळे तिकडे राखेची कमतरता नाही, तर स्लॅग सिमेंट पोलाद कारखान्यांच्या आसपासच्या पट्ट्यात सहज मिळते.

पोत्यावर भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. ओपीसीवर आयएस २६९, राखेच्या पीपीसीवर आयएस १४८९ (भाग १) आणि स्लॅग सिमेंटवर आयएस ४५५. ओपीसीच्या पोत्यावर ५३ हा आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो आणि पीपीसीच्या पोत्यावर तसा आकडा नसतो. म्हणून ५३ म्हणजे दणकट आणि पीपीसी म्हणजे हलके, अशी समजूत बांधकामावर सर्रास ऐकू येते. ती चुकीची आहे. मात्र तिचा उगम कुठे आहे, हे समजले की तिन्ही सिमेंटमधला खरा फरक कळतो.

सिमेंटमध्ये पाणी पडले की क्लिंकरमधली कॅल्शियम सिलिकेटे पाण्याशी संयोग पावतात आणि दोन पदार्थ तयार होतात. एक चिकट, जेलीसारखा पदार्थ असतो. तो घट्ट होत जातो, आणि वाळू-खडीला धरून ठेवण्याचे काम तोच करतो. दुसरा पदार्थ म्हणजे मोकळा चुना. काँक्रीटच्या ताकदीत या चुन्याचा वाटा फारसा नसतो. काँक्रीटच्या आतला क्षारपणा तो टिकवतो आणि त्यामुळे सळया गंजत नाहीत, हा त्याचा उपयोग. पण तो पाण्यात विरघळतो, आणि झिरपणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर येऊन भिंतीवर पांढरे डाग पाडतो.

उडत्या राखेत सिलिका भरपूर असते, पण नुसत्या पाण्याशी ती जवळपास काहीच करत नाही. तिला चुना लागतो. म्हणजे आधी क्लिंकरने पाणी घ्यायचे, त्यातून चुना मोकळा व्हायचा आणि मग राखेने तो चुना घेऊन स्वतःचा चिकट पदार्थ बनवायचा. राखेचे काम असे दुसऱ्या पाळीत चालते. पहिल्या आठवड्यात ते फारच थोडे होते, पण पुढे आठवडे आणि महिने चालू राहते. स्लॅगचे वागणे थोडे वेगळे आहे. त्यात कॅल्शियम स्वतःचेच असते, त्यामुळे तो पाण्याशी स्वतःही संयोग पावू शकतो. फक्त त्याला सुरुवात करून द्यायला क्लिंकरमधल्या चुन्याचा आणि क्षारांचा धक्का लागतो. म्हणूनच स्लॅग ७० टक्क्यांपर्यंत घालता येतो आणि राख मात्र ३५ टक्क्यांवर थांबवावी लागते.

या सावकाश कामाचे फळ मोठे आहे. राख आणि स्लॅग यांच्यापासून उशिरा तयार होणारा पदार्थ आधीच घट्ट झालेल्या काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांमध्ये भरत जातो. छिद्रे बारीक होतात, त्यांचे मार्ग तुटतात आणि पाणी, क्षार, खारी हवा आत शिरायला अडचण होते. पण हे सगळे घडते ते काँक्रीटच्या आत ओलावा असेपर्यंतच. ओलावा गेला की प्रक्रिया थांबते, आणि जिथे थांबली तिथेच काँक्रीटची गुणवत्ता गोठते. ओपीसीचे बहुतेक काम पहिल्या आठवड्यात उरकलेले असते. त्याला सातव्या दिवशी पाणी तोडले तरी नुकसान मर्यादित राहते. पीपीसीला आणि स्लॅगला त्याच दिवशी पाणी तोडले, तर त्यांचा निम्मा फायदा तयारच होत नाही. सिमेंटची निवड म्हणजे ताकदीची निवड नसून बांधकामावर किती दिवस पाणी आणि टेकू देता येतील, याची निवड आहे.

मानकांतले आकडे हेच सांगतात. प्रयोगशाळेत सिमेंट आणि ठरावीक वाळूचे ठोकळे करून ते दाबून फोडतात. ४३ ग्रेडच्या ओपीसीने ३ दिवसांत किमान २३, ७ दिवसांत ३३ आणि २८ दिवसांत ४३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतका दाब सोसला पाहिजे. पीपीसी आणि स्लॅग सिमेंटसाठी हेच आकडे १६, २२ आणि ३३ आहेत. म्हणजे तिसऱ्या दिवशी ओपीसी ४३ बरेच पुढे असते, आणि पीपीसीची २८ दिवसांची ताकदही कागदावर कमी दिसते. पण हे किमान आकडे आहेत, नेमके नाहीत. बाजारातले चांगले पीपीसी किंवा स्लॅग सिमेंट २८ दिवसांत ३३ च्या बरेच वर जाते, आणि ओल मिळत राहिली तर नव्वद दिवसांत ओपीसीची बरोबरी करते किंवा पुढेही जाते. पोत्यासोबत कंपनीचा त्या आठवड्याचा चाचणी दाखला मागता येतो. त्यात २८ दिवसांचा खरा आकडा असतो. स्लॅगच्या बाबतीत तर हा दाखला पाहावाच, कारण २५ टक्के आणि ७० टक्के स्लॅग घातलेली सिमेंटे एकाच मानकाखाली विकली जातात आणि त्यांच्या सुरुवातीच्या वेगात मोठा फरक असतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. काँक्रीट आवळणे ही एक गोष्ट, तर ताकद धरणे ही दुसरी. आवळणे म्हणजे ओल्या लगद्याची घडण संपून तो कडक होणे. प्रयोगशाळेत हे सुई टोचून मोजतात. तिन्ही प्रकारांसाठी नियम एकच आहे. आवळायला सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि पूर्ण आवळणे ६०० मिनिटांच्या, म्हणजे दहा तासांच्या आत व्हायला हवे. प्रत्यक्षात ओपीसी साधारण दोन तासांत आवळू लागते, तर पीपीसी आणि स्लॅग त्याहून उशिरा. थंडीत हा फरक आणखी वाढतो. उन्हाळ्यात हा उशीर कामाला येतो, कारण माल ओतायला, व्हायब्रेटर फिरवायला आणि जुना-नवा थर जोडायला जास्त वेळ मिळतो. पण त्याच उन्हाळ्यात तो घातकही ठरू शकतो. वरचा पृष्ठभाग आवळण्याआधीच वाऱ्याने सुकला की त्यावर काही तासांतच तडे दिसतात. पूर्ण आवळायला जितका उशीर, तितका हा धोक्याचा काळ लांबतो. म्हणून राखेच्या किंवा स्लॅगच्या काँक्रीटवर रंधा फिरवून होताच प्लॅस्टिकचा कागद किंवा ओले गोणपाट पसरणे गरजेचे असते. दुसऱ्या दिवशी पाणी साठवायचे आहे म्हणून पहिल्या संध्याकाळी काहीच करू नये, असा समज बऱ्याच कामांवर दिसतो. तडे त्याच संध्याकाळी पडतात.

उशिरा आवळण्यावर गवंडी दोन चुकीचे उपाय करतात. पृष्ठभाग ओला दिसतो म्हणून त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरतात. त्यामुळे वर एक पातळ, ठिसूळ पापुद्रा बनतो आणि पुढे तो सोलून निघतो. दुसरी चूक पाण्याची. राखेचे कण गोल असल्याने पीपीसीचा माल त्याच पाण्यात अधिक लवचीक होतो. म्हणजे पाणी कमी करायला हवे. पण माल नेहमीसारखा वाहता करण्याच्या सवयीमुळे पाणी तेवढेच राहते किंवा वाढते. काँक्रीटची ताकद सिमेंटच्या ग्रेडपेक्षा पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर जास्त अवलंबून असते. ५३ ग्रेडच्या सिमेंटमध्ये दोन घमेली पाणी जास्त ओतले, तर त्याचा ग्रेडचा फायदा तिथेच संपतो.

क्युरिंगसाठी भारतीय मानक आयएस ४५६ स्पष्ट आहे. ओपीसीच्या काँक्रीटचा उघडा पृष्ठभाग किमान ७ दिवस सतत ओला राहिला पाहिजे, मिश्रित सिमेंटचा किमान १० दिवस. कोरड्या, उष्ण हवेत ओपीसीलाही किमान १० दिवस द्यायचे, आणि मिश्रित सिमेंटसाठी हा काळ १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. सतत हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी मारणे म्हणजे सतत ओले ठेवणे नव्हे. एप्रिलच्या उन्हात कॉलमचा पृष्ठभाग तासाभरात कोरडा होतो आणि पुढचे दहा तास कोरडाच राहतो. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवता येते, त्यामुळे स्लॅबला सहसा पाणी मिळते. घराच्या कामात सर्वांत दुर्लक्षित राहतो तो कॉलम. उभ्या पृष्ठभागावर पाणी थांबत नाही, म्हणून त्याला गोणपाट गुंडाळून, सुतळीने बांधून, वरून थेंब थेंब पाणी सोडावे लागते. मिश्रित सिमेंट वापरलेल्या घरात सळ्यांचा गंज बहुधा आधी कॉलमच्या कोपऱ्यांत दिसतो, आणि त्याचे कारण हे न मिळालेले पाणी असते.

त्याचे कारण मिश्रित सिमेंटच्या रसायनातच आहे. राख किंवा स्लॅग मोकळा चुना वापरून टाकतात, म्हणजे सळ्यांचे रक्षण करणारा क्षारपणा थोडा कमी होतो. काँक्रीट घट्ट झाले असेल तर याचा काही तोटा नाही, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड आतच जाऊ शकत नाही. पण क्युरिंग अर्धवट राहिले, तर बाहेरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सच्छिद्र राहतो, त्यातून हवा आत शिरते, उरलासुरला चुना खडूत बदलते आणि सळ्या उघड्या पडल्यासारख्या होतात. म्हणून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. नीट क्युरिंग केलेले मिश्रित सिमेंट ओपीसीपेक्षा चांगले, पण क्युरिंग न केलेले मिश्रित सिमेंट ओपीसीपेक्षा वाईट.

हा हिशेब प्रत्यक्षात कसा बसतो, हे कोकण किनाऱ्यावरच्या एका घराच्या उदाहरणातून पाहता येईल. समजा रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रापासून थोड्याच अंतरावर एक मजली घर बांधायचे आहे. स्लॅब ९ मीटर बाय १० मीटर, जाडी १५० मिलिमीटर. स्लॅबचे गाळे साडेतीन मीटरचे आणि बीम ५ मीटर लांबीचे. ओतण्याची तारीख ६ एप्रिल. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतले बांधकाम आयएस ४५६ तीव्र प्रकारात धरते. अशा ठिकाणी किमान एम ३० दर्जाचे काँक्रीट, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ पेक्षा जास्त नाही आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर, अशी अट आहे. खेड्यापाड्यांत रूढ असलेले एक-दीड-तीन प्रमाण फार तर एम २० पर्यंतच पुरते. एम ३० साठी प्रयोगशाळेतून मिश्रणाचे प्रमाण काढून घ्यावे लागते.

स्लॅबचे काँक्रीट साडेतेरा घनमीटर भरते. घनमीटरला ३६० किलो सिमेंट धरले, तर बीम सोडून सुमारे ९७ पोती लागतात. ०.४५ गुणोत्तराने एका पोत्याला साडेबावीस लिटर पाणी, आणि त्यात वाळूत आधीच असलेले पाणीही मोजायचे. इतक्या कमी पाण्यात माल कोरडा वाटतो. तिथे पाणी वाढवण्याऐवजी प्लास्टिसायझर घालावे. सिमेंट निवडताना इथे शंकेला फारशी जागा नाही. समुद्रावरून येणारे मीठ हा या घराचा मुख्य शत्रू आहे आणि त्याला रोखण्यात तिन्हींमध्ये स्लॅग सरस आहे. तो छिद्रे बारीक करतोच, शिवाय मिठातल्या क्लोराइडचा काही भाग बांधून ठेवतो. स्लॅग मिळाले नाही तर दुसरी निवड पीपीसी. ओपीसी इथे सर्वांत शेवटी.

काम सकाळी लवकर सुरू करून दुपारचा समुद्री वारा सुटायच्या आत आटोपणे चांगले. जेवढा भाग पूर्ण होईल तेवढा लगेच प्लॅस्टिकच्या कागदाने झाकत जावे. स्लॅग असल्यामुळे संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग मऊ राहू शकतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण नखाने कोरले जाणाऱ्या पृष्ठभागावर पाणी साठवले, तर वरचे सिमेंट धुऊन निघते. वाफे दुसऱ्या दिवशी सकाळी, ७ तारखेला, पातळ मसाल्याने घालावेत आणि ५ सेंटिमीटर पाणी भरावे. तोवर ओले गोणपाट पुरेसे असते.

पाण्याचा हिशेब इथे बऱ्याच घरमालकांची समजूत बदलणारा आहे. ९० चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेचार हजार लिटर. दिवसाला ७ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते असे धरले, तर रोज ६३० लिटर भर घालावी लागते. ओपीसीला १० दिवस दिले तर एकूण सुमारे १०,८०० लिटर लागतात. स्लॅगला १४ दिवस दिले तर सुमारे १३,३००. फरक अडीच हजार लिटरचा, म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरचा निम्मा. मिश्रित सिमेंटला पाणी फार लागते, म्हणून ओपीसी घ्या, हा सल्ला या आकड्यांपुढे टिकत नाही. पहिले पाणी भरायलाच सर्वांत जास्त लागते, पुढचे दिवस स्वस्त असतात. खर्च वाढतो तो टेकूंच्या भाड्याचा आणि पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा.

टेकूंचा हिशेब पुढे. आयएस ४५६ मध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी काढता येतात. पण हे दिवस ओपीसीसाठी आणि हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हासाठीच आहेत. इतर सिमेंटसाठी ते वाढवावेत, असे मानक सांगते. नेमके किती, ते सांगत नाही. म्हणून स्लॅब ओततानाच १५० मिलिमीटरचे काही जादा ठोकळे भरून ते प्रयोगशाळेच्या टाकीत न ठेवता स्लॅबवरच, स्लॅबच्याच पाण्यात ठेवावेत. त्यांतले तीन सातव्या दिवशी आणि तीन चौदाव्या दिवशी फोडायचे. अभियंते बहुधा ठरलेल्या ताकदीच्या सत्तर टक्क्यांची, म्हणजे एम ३० साठी सुमारे २१ न्यूटनची वाट पाहतात. ठोकळे नसतील, तर स्लॅगच्या या घरात स्लॅबचे टेकू २० एप्रिलपर्यंत, आणि बीमचे २७ एप्रिलपर्यंत ठेवणे सुरक्षित. ओपीसीने ते १३ आणि २० एप्रिलला निघाले असते. म्हणजे किनाऱ्यावरच्या घराला मिठापासून मिळणाऱ्या जास्तीच्या संरक्षणाची किंमत एका आठवड्याचे टेकूभाडे आणि अर्धा टँकर पाणी, एवढीच आहे. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. त्याआधी हे वेळापत्रक सहज बसते.

टेकू काढल्यावर स्लॅगच्या काँक्रीटचा एखादा कोपरा तुटला आणि आत निळसर-हिरवट रंग दिसला, तर सिमेंट खराब निघाले असे वाटून मालक हादरतात. तो रंग स्लॅगमधल्या गंधकाच्या संयुगांचा असतो. हवा लागली की काही दिवसांत फिका होत जातो आणि त्याचा ताकदीशी संबंध नसतो. पीपीसी गडद करडी आणि स्लॅग सिमेंट फिकट असणे, हेही गुणवत्तेचे लक्षण नाही. काळजीची लक्षणे वेगळी आहेत. बाजूच्या फळ्या काढताना बीमच्या कडा भुसभुशीत होऊन पडत असतील, खिळ्याने ओरखडल्यावर पांढरी पूड निघत असेल, पाण्याचा थेंब पृष्ठभागावर पडताच शोषला जात असेल, तर क्युरिंग तुटले आहे. पहिल्या दोन आठवड्यांत हे लक्षात आले, तर पुन्हा पाणी साठवून काही अंशी भरपाई होते. महिन्यानंतर ती संधी राहत नाही.

थंडीत हिशेब उलटतो. नाशिक जिल्ह्यात निफाडच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो. अशा रात्री राखेचे आणि स्लॅगचे काम जवळजवळ थांबते. संध्याकाळी ओतलेला स्लॅग सिमेंटचा कॉलम सकाळी फळ्या काढण्याइतका घट्ट झालेला नसतो आणि ओपीसीच्या १६ ते २४ तासांच्या सवयीने फळ्या ओढल्या, तर कोपरे सोबत येतात. तिथे दोनच मार्ग उरतात. मिश्रित सिमेंट ठेवायचे असेल तर काम सकाळी करून फळ्या दोन दिवस तशाच ठेवाव्यात आणि टेकूंना जास्तीचा आठवडा द्यावा. नाहीतर त्या काळापुरते ४३ ग्रेडचे ओपीसी घ्यावे. समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत आणि चांगल्या कव्हरसह ओपीसीने बांधलेल्या घराचे काही बिघडत नाही.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मुद्दा खुद्द पाण्याचाच असतो. वर आकडेवारीने दाखवले तसे स्लॅबचे जास्तीचे चार दिवस भागवता येतात. कॉलम आणि बाहेरच्या भिंती सांभाळणे मात्र अवघड जाते. टँकरवर अवलंबून असलेल्या कामावर चौदा दिवस कोणी लक्ष देणार नसेल, तर स्लॅबला पीपीसी आणि कॉलमला ओपीसी अशी वाटणी करणे शहाणपणाचे. फक्त एकाच स्लॅबमध्ये अर्धी पोती एका प्रकारची आणि अर्धी दुसऱ्या प्रकारची वापरू नयेत. दोन भाग वेगवेगळ्या वेळी आवळतात आणि टेकू कोणत्या हिशेबाने काढायचे, हे कळेनासे होते. पीपीसीच्या पोत्यात साइटवर वेगळी राख मिसळणेही टाळावे. तिच्यात राख आधीच मर्यादेच्या जवळ असू शकते. रेडीमिक्सवाले सहसा ओपीसी घेऊन राख किंवा स्लॅग आपल्या प्लांटवर मोजून घालतात, म्हणून त्यांच्याकडून माल घेतला तरी काँक्रीट मिश्रित सिमेंटचेच धरावे, क्युरिंगचे दिवसही तेच लागू होतात. चलनावर सिमेंटबरोबर राख किंवा स्लॅग किती किलो, हे लिहून घ्यावे.

अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात आणखी एक काळजी लागते. तिथले भूजल खारट आहे. सळयांच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावे, असे मानक सांगते. ही अट मिसळण्याच्या पाण्याला जशी लागू, तशी क्युरिंगच्या पाण्यालाही लावायला हवी. खाऱ्या बोअरचे पाणी चौदा दिवस स्लॅबवर उभे राहिले, तर मीठ काँक्रीटमध्ये झिरपते आणि मिश्रित सिमेंटचा सगळा फायदा उलटा होतो. पायासाठी मात्र अशा जमिनीत स्लॅग किंवा पीपीसीच योग्य, कारण जमिनीतल्या क्षारांना ती ओपीसीपेक्षा चांगली तोंड देतात.

वीटकाम आणि गिलाव्याला पीपीसी चांगली. तिचा मसाला लवचीक असतो, थापीला चिकटून राहतो आणि भिंतीवर पांढरे डाग कमी येतात. कोरड्या हवेत गिलाव्यालाही दहा दिवस ओल द्यावी. बाथरूमचा तुटलेला कोपरा, एका दिवसात पाय ठेवायचा ओटा, साच्यात भरून लगेच उचलायच्या जाळ्या आणि खांब, अशा घाईच्या कामांना ओपीसीच बरी.

पोते घेताना त्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष पाहावे. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट, मग ते कोणतेही असो, चाचणीशिवाय स्लॅबला वापरू नये. किनाऱ्याजवळ स्लॅग, राज्याच्या आतल्या भागात नेहमीच्या हवामानात पीपीसी, आणि जिथे थंडी, घाई किंवा पाण्याची हमी नसणे यांपैकी काही आड येते तिथे ४३ ग्रेडचे ओपीसी. घराच्या कामाला ५३ ग्रेडची गरज बहुतेक वेळा नसते. कंत्राटदाराशी करार करताना सिमेंटचा प्रकार, क्युरिंगचे दिवस आणि टेकू काढण्याच्या तारखा या तिन्ही गोष्टी एकत्रच लिहून घ्याव्यात.